माहितीपत्रक सोपं करताना 'नाही' म्हणायची मोकळीक पातळ होऊ नये म्हणून

प्रश्न: धुळे जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर महिलांमधल्या रक्तक्षयावर माझा एमडीचा प्रबंध आहे. अर्ध्या तासाची प्रश्नावली, हिमोग्लोबिन आणि फेरिटिनसाठी ३ मिली रक्त, माता-बाल संरक्षण कार्डावरच्या नोंदी, बाळंतपणानंतर एक फोन, आणि उरलेला सीरम पाच वर्षं साठवणं असा आराखडा आहे. एथिक्स कमिटीनं 'माहितीपत्रकाची भाषा सोपी करा' असं लिहून प्रस्ताव परत पाठवला. गाइड म्हणतात, भाषा सोपी केली की ऐच्छिक सहभाग आणि माहितीचा वापर हे मुद्दे ढिले पडतात. दोन्ही कसं साधायचं?

उत्तर:

तुमच्या गाइडांची भीती खोटी नाही. मी बरीच वर्षं एथिक्स कमिटीवर बिगर-वैद्यकीय सदस्य म्हणून बसते आणि 'सोपी करून आणलेली' पत्रकं दर बैठकीत वाचते. बऱ्याचदा त्यात जड शब्द काढून गोड शब्द घातलेले असतात. 'थोडंसं रक्त घेऊ', 'काही साधे प्रश्न विचारू', 'काळजी करू नका, सगळं गुपित राहील'. वाचायला सोपं झालं, पण ते वाचून बाईला काहीच ठरवता येत नाही.

पण मुद्दे ढिले पडतात ते सोप्या शब्दांमुळे पडत नाहीत. कोण करणार, कधीपर्यंत, आणि कुठे अपवाद आहे, या तीन गोष्टी वाक्यातून गळाल्या की ते ढिले पडतात. आणि खरं सांगायचं तर या गोष्टी तुमच्या मूळ जड वाक्यांतही नसतात. जड भाषेत त्यांची उणीव दिसत नाही, एवढंच. म्हणून दोनच परिच्छेद घेते, ऐच्छिक सहभागाचा आणि माहितीच्या वापराचा. ते दोन नीट झाले की बाकीचं पत्रक तुम्ही स्वतः लिहाल.

जवळजवळ प्रत्येक मराठी पत्रकात हे वाक्य असतं: 'सदर अभ्यासातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर कोणतेही कारण न देता अभ्यासातून माघार घेऊ शकता व त्यामुळे आपणास मिळणाऱ्या वैद्यकीय सेवेवर कोणताही प्रतिकूल परिणाम होणार नाही.'

कायद्याच्या दृष्टीनं यात चूक काही नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांना जे हवं ते सगळं यात आहे: सहभाग स्वेच्छेनं, केव्हाही थांबता येणं, त्याबद्दल दंड किंवा नुकसान नसणं. पण तुमच्या केंद्रात बाकावर बसलेली पाच महिन्यांची गरोदर बाई हे ऐकून काय समजेल? 'ऐच्छिक' हा शब्द तिनं शाळेत ऐच्छिक विषय म्हणून ऐकला असला तर असेल. 'माघार' म्हणजे हरून परत फिरणं, निवडणुकीत अर्ज मागे घेणं. त्यात थोडी नामुष्की आहे. आणि 'वैद्यकीय सेवेवर प्रतिकूल परिणाम' हे तर इतकं ढोबळ आहे की त्यात तिला हवी असलेली एकही गोष्ट दिसत नाही.

तिला काय हवं असतं, हे मला एका चाचणीवाचनात कळलं. असाच एक अभ्यास होता, दुसऱ्या जिल्ह्यातला. पत्रक वाचून झाल्यावर मी एका बाईला विचारलं, "नाही म्हणालात तर काय होईल?" ती बराच वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "पुढच्या वेळी गाडी येणार नाही ना, ताई?" गाडी म्हणजे बाळंतपणाला न्यायला येणारी १०२ ची रुग्णवाहिका. 'वैद्यकीय सेवा' या शब्दांत तिला ती गाडी दिसलीच नव्हती. आणि तिची भीती अगदी रास्त होती, कारण अभ्यासात यायला सांगणारी आशाताई आणि रात्री गाडीला फोन लावणारी आशाताई एकच होती.

म्हणून ऐच्छिकतेचं वाक्य लिहिण्याआधी एक काम करा. त्या केंद्रात गरोदर बाईला काय काय मिळतं, याची यादी एएनएम सिस्टरांकडून घ्या. तपासणी, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, सोनोग्राफीची चिठ्ठी, गाडी, बाळंतपण, जननी सुरक्षा आणि मातृवंदना योजनेचे पैसे. यातलं जे जाण्याची भीती वाटू शकते, ते नावानिशी लिहा. माझा मसुदा असा होईल:

> या अभ्यासात भाग घ्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचं. 'नाही' म्हणालात तरी चालेल. कारण सांगायची गरज नाही.
>
> नाही म्हणालात तरी तुमची तपासणी, लोहाच्या गोळ्या, सोनोग्राफीची चिठ्ठी, बाळंतपणाची गाडी आणि योजनेचे पैसे जसे मिळायचे तसेच आणि तेव्हाच मिळतील. हो म्हणालात तरी यांतलं काही जास्त किंवा लवकर मिळणार नाही.
>
> आज हो म्हणून उद्या मन बदललं तरी चालेल. सही किंवा अंगठा दिला म्हणून तुम्ही बांधल्या गेल्या असं होत नाही. थांबायचं असेल तर खालच्या नंबरवर फोन करा किंवा पुढच्या तपासणीला आलात की सिस्टरांना 'मला थांबायचं आहे' एवढंच सांगा.
>
> एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर 'पुढचा विचारा' म्हणा. प्रश्नांची उत्तरं दिली आणि रक्त द्यायचं नसेल, तरी चालेल.

'हो म्हणालात तरी जास्त मिळणार नाही' हे वाक्य मूळ मजकुरात नव्हतं. ते मुद्दाम घातलं आहे. सरकारी दवाखान्यात कुणी नाव लिहून घेतलं, कागदावर सही घेतली, की ती लाभार्थ्यांची यादी असणार असा समज सहज होतो. त्याच कारणासाठी 'या अभ्यासासाठी आपली निवड करण्यात आली आहे' हे वाक्य काढून टाका. निवड झाली म्हणजे घरकुल मंजूर झाल्यासारखं वाटतं. त्याजागी सरळ लिहा: 'या दवाखान्यात तपासणीला येणाऱ्या, १८ वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्या गरोदर बायकांना आम्ही विचारत आहोत.'

सही-अंगठ्याचं वाक्यही तितकंच महत्त्वाचं. गावात अंगठा लागतो तो जमिनीच्या आणि कर्जाच्या कागदावर, आणि तो लागला की सुटका नसते. हा कागद तसा नाही, हे सांगितल्याशिवाय 'केव्हाही थांबता येईल' यावर तिचा विश्वास बसणार नाही.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा: 'रक्त द्यायचं नसेल, तरी चालेल.' तुमच्या आराखड्यात हे खरंच चालतं का? कदाचित नाही. फेरिटिन हाच तुमचा मुख्य निष्कर्ष असेल, तर रक्ताशिवाय प्रश्नावलीचा उपयोग नाही. मग तसं लिहा: 'रक्त द्यायचं नसेल तर या अभ्यासात भाग घेता येणार नाही, आणि त्यातही काही बिघडत नाही.' दोन्ही वाक्यं सोपी आहेत आणि दोन्ही प्रामाणिक असू शकतात. पण कुठलं खरं, ते आधी ठरवावं लागेल. 'कोणत्याही टप्प्यावर' या शब्दांआड तो निर्णय आजवर लपून राहिला होता. भाषा सोपी करण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. शब्द शोधायला फार वेळ लागत नाही, वेळ लागतो तो संशोधकानं न ठरवलेल्या गोष्टी त्याच्याकडून ठरवून घ्यायला.

एक शब्द पूर्ण पत्रकात शोधून तपासा: 'फक्त'. 'फक्त ३ मिली रक्त', 'फक्त अर्धा तास', 'फक्त सही'. हा शब्द माहिती देत नाही, मन वळवतो. तीच गोष्ट 'आपल्या भागातील मातांच्या भल्यासाठी कृपया सहकार्य करावे' या वाक्याची. सहकार्य मागितलं की नाही म्हणणारी बाई असहकार करणारी ठरते. रक्ताचं प्रमाण चमच्यात सांगा, चहाच्या अर्ध्या चमच्यापेक्षा थोडं जास्त. आणि तिच्या मनातला खरा प्रश्न न विचारताच घ्या, कारण तुमच्या विषयात तो हमखास येणार: 'आधीच अंगात रक्त कमी, त्यात हे आणखी काढतात.' त्यासाठी एक वाक्य पुरे: 'एवढं रक्त काढल्यानं अंगातलं रक्त कमी होत नाही आणि बाळाला त्रास होत नाही. सुई टोचताना दुखेल, कधी तिथे निळसर डाग पडतो, तो काही दिवसांत जातो.' धोका सांगताना 'अगदी सुरक्षित' म्हणू नका. जे होतं ते सांगा.

आता माहितीचा वापर. इथे जास्त थांबावं लागेल, कारण पत्रकं सगळ्यात जास्त इथेच गडबडतात. नेहमीचा मजकूर असा असतो: 'आपणाकडून संकलित करण्यात आलेली माहिती काटेकोरपणे गोपनीय ठेवली जाईल व केवळ संशोधनाच्या उद्देशाने वापरली जाईल.'

कोण ठेवणार? कुठे? कोणाच्या संशोधनाच्या उद्देशानं, तुमच्या की कोणाच्याही? 'ठेवली जाईल', 'वापरली जाईल' अशा कर्मणी वाक्यांत माणूसच नसतो. म्हणून मी एक साधा नियम पाळते: या भागातल्या प्रत्येक वाक्यात 'आम्ही' किंवा एखाद्याचं पद आलंच पाहिजे. आणि 'डेटा' हा शब्द टाळते. शहरातल्या सुशिक्षित वाचकासाठी तो ठीक आहे, पण गावात डेटा म्हणजे मोबाइलचा नेटपॅक, रोजचा दीड जीबी. 'नमुना' हाही फसवा शब्द आहे. तलाठ्याकडचा कागद म्हणजे नमुना, आणि तऱ्हेवाईक माणूस म्हणजेही नमुना. 'तुमचं रक्त', 'तुमची उत्तरं', 'तुमच्या कार्डावरच्या नोंदी' असं लिहिलं की काम होतं.

'गोपनीय' आणि 'निनावी' हे दोन शब्द तर संशोधकही एकमेकांच्या जागी वापरतात, आणि तिथे खरी चूक होते. तुमच्या अभ्यासात माहिती निनावी नाही. तुम्हाला बाळंतपणानंतर फोन करायचा आहे, म्हणजे कोणता नंबर कोणाचा हे तुमच्याकडे कुठेतरी लिहिलेलं असणारच. तेव्हा 'आपली ओळख कुठेही नोंदवली जाणार नाही' हे वाक्य चक्क खोटं ठरेल. त्याऐवजी त्या वहीबद्दल मोकळेपणानं सांगा:

> प्रश्नांच्या कागदावर आणि रक्ताच्या बाटलीवर आम्ही तुमचं नाव लिहिणार नाही, एक नंबर लिहू. कोणता नंबर कोणाचा, हे एका वेगळ्या वहीत लिहू, कारण बाळंतपणानंतर आम्हाला तुम्हाला फोन करायचा आहे. ही वही कॉलेजमध्ये कुलूप लावलेल्या कपाटात राहील. ती मी आणि माझे मार्गदर्शक, असे दोघंच बघू. आम्ही नियम पाळतो का हे तपासायला एथिक्स कमिटीचे लोक आले, तर त्यांना ती दाखवावी लागेल.
>
> सगळे फोन झाले की आम्ही ती वही नष्ट करू. त्यानंतर कोणता कागद तुमचा, हे आम्हालाही कळणार नाही. त्यामुळे 'माझी माहिती काढून टाका' असं सांगायचं असेल तर त्याआधी सांगा. नंतर ती शोधून काढता येणार नाही.

दुसऱ्या परिच्छेदात ओळख कायमची पुसण्याची संकल्पना पूर्ण आली आहे, आणि 'ओळख-विलगीकरण'सारखा एकही शब्द लागलेला नाही. शिवाय 'केव्हाही थांबता येईल' या वचनाची मर्यादाही इथे स्पष्ट झाली. ती सांगितली नाही, तर पहिल्या परिच्छेदातलं वचन तुम्ही पाळू शकणार नाही. सॉफ्ट कॉपीचंही असंच लिहा. वही स्कॅन करून लॅपटॉपवर ठेवणार असाल, तर लॅपटॉपचा उल्लेख हवा आणि तीही फाइल पुसणार का ते हवं.

पुढे अपवाद. समजा, एखादीचं हिमोग्लोबिन ६.२ आलं. गरोदरपणात ७ च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय, तिला तातडीनं उपचार लागणार. तेव्हा तुम्ही गप्प बसाल का? अर्थातच नाही, वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवाल, आणि कळवायलाच हवं. मग 'माहिती कोणालाही सांगितली जाणार नाही' हे वाक्य तुम्ही त्याच दिवशी मोडाल. तिला न सांगता मोडाल, हे जास्त वाईट. म्हणून:

> तुमचं हिमोग्लोबिन ७ पेक्षा कमी आलं, तर आम्ही ते त्याच दिवशी आधी तुम्हाला आणि मग इथल्या डॉक्टरांना सांगू, म्हणजे लगेच उपचार सुरू होतील. एवढी एक गोष्ट सोडली तर तुमची उत्तरं आम्ही इथल्या डॉक्टरांना, सिस्टरांना, आशाताईंना किंवा तुमच्या घरच्यांना सांगणार नाही.

'घरच्यांना' हा शब्द विसरू नका. गोपनीयता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लॅपटॉपचा पासवर्ड येतो. तिच्या डोळ्यांपुढे सासू येते. तुमच्या प्रश्नावलीत 'घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं?', 'लोहाच्या गोळ्या खरंच घेता का?' असे प्रश्न असणार. पहिल्याचं खरं उत्तर सासूपर्यंत गेलं तर घरात वाद, दुसऱ्याचं सिस्टरांपर्यंत गेलं तर बोलणी. ही दोन दारं बंद आहेत हे तिला नेमक्या शब्दांत कळलं, तरच ती खरं बोलेल.

आणि फोन. घरातला मोबाइल अनेकदा नवऱ्याच्या खिशात असतो. तुम्ही बाळंतपणानंतर फोन केला आणि तो त्यानं उचलला तर काय बोलणार? हे पत्रकात हवं, आणि तिला निवडता आलं पाहिजे: 'फोन दुसऱ्या कोणी उचलला तर आम्ही दवाखान्यातून बोलतोय एवढंच सांगू, अभ्यासाबद्दल काही बोलणार नाही. कोणत्या नंबरवर आणि कोणत्या वेळी फोन करायचा, ते तुम्ही सांगा. फोन नको असेल तर तसं सांगा.' इथे आणखी एक गोष्ट जपा. गरोदरपण नेहमी सुखरूप संपतंच असं नाही. फोन करण्याआधी सिस्टरांकडून बाळ-बाळंतीण कशी आहे ते विचारून घेणार असाल, तर तेही तिला आधी सांगायला हवं, कारण तेही तिच्याबद्दलची माहिती घेणंच आहे.

आता उरलेला सीरम. 'उर्वरित नमुने भविष्यातील संशोधनासाठी जतन केले जातील' ही ओळ तुमच्या पत्रकात बहुधा मधेच कुठेतरी आहे, आणि एकाच सहीत सगळ्याला संमती घेतली आहे. कमिटीनं फक्त भाषेबद्दल लिहिलं असलं, तरी पुढच्या वेळी ती इथे अडेल. साठवण किती काळ, पुढे कशासाठी वापर, आणि त्याला नकार देण्याची सोय, हे आयसीएमआरच्या तत्त्वांत अपेक्षित आहे. बाईच्या बाजूनं बघितलं तरी कारण साधं आहे: आज हिमोग्लोबिनसाठी रक्त देणं आणि पाच वर्षं कोणाच्या तरी फ्रीजरमध्ये ते राहू देणं, हे दोन वेगळे निर्णय आहेत. म्हणून तो वेगळा प्रश्न करा, वेगळ्या चौकटींसह:

> तपासणी झाल्यावर रक्तातला थोडा पिवळसर पाण्यासारखा भाग उरतो. तो आम्हाला पाच वर्षं ठेवायचा आहे. त्यातून आम्ही पुढे गरोदरपणातल्या रक्त कमी होण्याबद्दलच आणखी तपासण्या करू, आणि प्रत्येक वेळी आधी एथिक्स कमिटीची परवानगी घेऊ. बाळ मुलगा की मुलगी हे आम्ही त्यातून बघणार नाही. ते विकणार नाही. पाच वर्षांनी फेकून देऊ.
>
> याला नाही म्हणालात तरी बाकीच्या अभ्यासात भाग घेता येईल.
>
> ▢ ठेवा  ▢ ठेवू नका, तपासणी झाली की फेकून द्या

यात 'गरोदरपणातल्या रक्त कमी होण्याबद्दलच' असं लिहून मी तुमचे हात बांधले आहेत. तुम्हाला कदाचित जास्त मोकळीक हवी असेल. हवी असेल तर ती मागा, पण उघडपणे: 'कोणत्या आजारासाठी, हे आज सांगता येत नाही.' अशा वेळी काही बायका 'ठेवू नका' म्हणतील, तो त्यांचा निर्णय. आणि वही लवकर नष्ट करणार असाल, तर दोन वर्षांनी एखादी 'माझं रक्त काढून टाका' म्हणत आली तर ते तुम्हाला सापडणार नाही, हेही चौकटीच्या वर एका ओळीत यायला हवं.

मसुदा झाला की लगेच कमिटीकडे पाठवू नका. पाच-सहा बायकांना तो मोठ्यानं वाचून दाखवा. त्या अभ्यासात येणार नसलेल्या, पण तशाच वयाच्या आणि शिक्षणाच्या असाव्यात. 'समजलं का?' असं विचारू नका, उत्तर 'हो' हेच येतं. त्याऐवजी विचारा, "घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, आज दवाखान्यात काय झालं, तर काय सांगाल?" 'सरकारनं नवीन तपासणी काढलीय, सगळ्यांना करायचीय' असं उत्तर आलं, तर पत्रक पडलं: ऐच्छिकताही पडली आणि हा अभ्यास आहे, उपचार नाही, हेही पोचलं नाही. दुसरा प्रश्न, "नको वाटलं तर कोणाला आणि काय सांगाल?" आणि तिसरा, "तुम्ही दिलेली उत्तरं कोणाकोणाला कळतील?" तिसऱ्याला एखादीनं 'कोणालाच नाही' म्हटलं तरी ते चूकच, कारण ७ च्या खालचा अपवाद तिच्यापर्यंत गेलेला नाही. जिथे दोघी एकाच ठिकाणी अडखळतात तिथलं वाक्य बदला. वाक्याचा अर्थ बरोबर आहे असं आपल्याला कितीही वाटलं तरी बदला.

मोठ्यानं वाचण्याचं आणखी एक कारण आहे. तुमच्या भागात बऱ्याच बायका घरी अहिराणी बोलतात. पत्रक प्रमाण मराठीत छापलं, तरी प्रत्यक्षात तुमची फील्डवर्कर ते अहिराणीत सांगणार. जड, लांब वाक्य असलं की ती ते स्वतःच्या मनानं आटोपतं घेते, आणि नेमकं 'नाही म्हणालात तरी चालेल' हेच गळतं. वाक्यं छोटी आणि बोलती असली की ती जशीच्या तशी तोंडी बसतात. तिला एकदा अहिराणीत सांगायला लावून ते रेकॉर्ड करा आणि मसुद्याशी ताडून बघा.

संमती कोण घेणार, हेही पत्रकाइतकंच महत्त्वाचं. रोज तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं तर नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून ते काम दुसऱ्यानं करावं. आशाताईंनी पत्रक पोचवायला हरकत नाही, पण आणलेल्या प्रत्येक बाईमागे त्यांना पैसे देणार असाल तर तो विचार सोडा. वाचता न येणाऱ्या बाईसाठी साक्षीदार लागतो. तो तुमच्या चमूतला नसावा आणि पूर्ण वाचन होईपर्यंत तिथे बसलेला असावा. नुसती सही करायला बोलावलेला नको. जमलं तर पत्रक एका तपासणीला द्या आणि सही पुढच्या तपासणीला घ्या. मधल्या दिवसांत ती घरी विचारेल, मैत्रिणीला दाखवेल. काही जणी गळतील, ते नमुनासंख्येत आधीच धरा.

काही गोष्टी सोप्या करायच्या नाहीत, तशाच ठेवायच्या: अभ्यासाचं नाव, तुमचं आणि एथिक्स कमिटीच्या सदस्य सचिवांचं नाव व फोन, इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, आवृत्ती क्रमांक आणि तारीख. फोन नंबर मात्र लागणारा द्या. मी एकदा पत्रकावरच्या सगळ्या नंबरांवर फोन करून बघितला. कमिटीचा नंबर कॉलेजच्या एका बंद पडलेल्या एक्स्टेन्शनचा निघाला.

कमिटीकडे परत पाठवताना एक अडचण येईल. त्यांना मराठीचं इंग्रजीत उलट भाषांतर हवं असतं, आणि नवं मराठी मूळ इंग्रजीशी शब्दाला शब्द जुळणार नाही. कोणीतरी म्हणेल, 'व्हॉलंटरी' शब्दच गायब झाला. म्हणून सोबत एक पानी तक्ता जोडा: डावीकडे आवश्यक मुद्दा, उजवीकडे तो नव्या पत्रकात कोणत्या पानावर कोणत्या वाक्यात आहे. तुमच्या गाइडांचं समाधानही याच तक्त्यानं होईल. आणि इंग्रजी पत्रकही आता या मराठीवरून नव्यानं लिहा, नाहीतर वहीचा आणि ७ च्या अपवादाचा उल्लेख एकाच भाषेत राहील आणि कमिटी दोन वेगळी वचनं मंजूर करून बसेल. नव्या आवृत्तीला नवा क्रमांक आणि तारीख घाला. मंजुरीचं पत्र हाती येईपर्यंत ही आवृत्ती वापरू नका, आणि आल्यावर जुन्या आवृत्तीच्या झेरॉक्स केंद्रातल्या टेबलाच्या खणातून स्वतः जाऊन काढून घ्या.